नियमपुस्तकातला पास

पुस्तकात जुना रेल्वे पास सापडतो आणि त्यावरून आजोबांनी आयुष्यभर लपवलेला एक प्रवास उघड होतो, अशी कथा मी लिहिली. ती वाचून अनेकांनी एकच प्रश्न विचारला : एवढ्याशा कागदावरून एवढं कळतं का? कळतं, पण कागद वाचावा लागतो. कथेतली माणसं कल्पित आहेत. ती ज्या रेल्वेत आणि ज्या काळात वावरतात ते मात्र खरं आहे, म्हणून हा कागद कसा वाचायचा ते कथेच्याच आधाराने सांगतो.

पास म्हटलं की आपल्याला लोकलचा महिन्याचा पास आठवतो. हा तो नव्हे. रेल्वेत नोकरी करणाऱ्याला वर्षातून ठरावीक वेळा कुटुंबासह फुकट प्रवासाची सवलत मिळते, तिचा हा पास. कर्मचाऱ्याने अर्ज करायचा, कोणाला घेऊन कुठून कुठे जाणार ते लिहायचं आणि कार्यालयाने छापील कागद भरून द्यायचा. त्यावर कर्मचाऱ्याचं नाव, हुद्दा, नेमणुकीचं स्टेशन, बरोबर कोण कोण आहे, वर्ग कोणता, सुरुवातीचं आणि शेवटचं स्टेशन, मार्ग, मुदत, सही आणि शिक्का असं सगळं असायचं. जाण्याचा आणि परतीचा भाग वेगळा. रेल्वेच्या घरांमधून काशी, रामेश्वर, तिरुपती झाली ती या कागदांवर. 2020 पासून हे पास संगणकावरून निघू लागले. त्याआधीच्या पिढ्यांनी ते घडी घालून खिशात, पाकिटात आणि पुस्तकांत ठेवले.

कथेतले आजोबा मिरज स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी नात घर आवरताना त्यांचं रेल्वेच्या नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलते. घरात दुसरं कुणी ते कधी उघडलेलं नाही. मधल्या एका पानावर घडी घातलेला पास आहे आणि त्याच्याभोवती दोन्ही पानांवर तपकिरी चौकट उमटली आहे. स्वस्त कागदात आम्ल असतं. तो वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिला की शेजारच्या पानावर असा डाग उतरतो. म्हणजे हा कागद परवा-तेरवा कुणी खूण म्हणून घातलेला नाही. तो इथे ठेवला गेला आणि इथेच राहिला.

नात पुस्तकाचं पहिलं पान पाहते. छपाईचं साल 1963. पासावरची शाई उडाली आहे, तारखेतला महिना वाचता येतो, ऑगस्ट, पण वर्षाचे शेवटचे आकडे पुसट झाले आहेत. अशा वेळी बहुतेक जण हात टेकतात. तिने कागदाच्या डोक्यावर छापलेलं नाव वाचलं : सदर्न रेल्वे. जुने रेल्वेचे कागद वाचताना सुरुवात इथून करावी. मिरजेवरून जाणारी पुणे-लोंढा ही मीटरगेज लाईन पूर्वी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची होती. 14 एप्रिल 1951 रोजी ती कंपनी दक्षिणेतल्या आणखी दोन रेल्वेंसह एकत्र होऊन सदर्न रेल्वे झाली. 2 ऑक्टोबर 1966 ला साउथ सेंट्रल रेल्वे निघाली आणि हा भाग तिच्याकडे गेला. तेव्हा मिरजेच्या माणसाच्या पासावर सदर्न रेल्वे असेल, तर तो या पंधरा वर्षांतला. यात चूक होण्याची एक जागा आहे. नाव बदललं म्हणून जुने छापील कागद कुणी लगेच जाळून टाकत नाही; उरलेल्या साठ्यावर नव्या नावाचा शिक्का मारून ते वापरले जातात. म्हणून जुनं नाव दिसलं तर काळ थोडा पुढेही सरकू शकतो. नवं नाव मात्र वेळेआधी येऊ शकत नाही.

पुढची खूण स्टेशनांची. मिरज ते कॅसलरॉक, लोंढामार्गे.

कॅसलरॉक हे सह्याद्रीच्या माथ्यावरचं, जंगलातलं स्टेशन. मुरगाव बंदरापासून वर येणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे 1880 च्या दशकात बांधली गेली तेव्हा ती इथे येऊन हिंदुस्थानातल्या रेल्वेला मिळाली. इथे गाडी थांबायची, जकातीची तपासणी व्हायची आणि मग घाट उतरून ती दूधसागरच्या अंगाने गोव्यात जायची. स्टेशन, रेल्वेची घरं, जकातवाले आणि जंगल, एवढाच पसारा. देवदर्शनाला किंवा हवापालटाला मिरजेचा कारकून तिथे जाईल असं नाही. आणि जाईल तर कोणत्या ऑगस्टमध्ये?

इथे थोडा इतिहास लागतो. 1947 नंतरही गोवा पोर्तुगालकडेच होता. 1955 मध्ये पुण्याच्या गोवा विमोचन सहाय्यक समितीने सत्याग्रहींच्या तुकड्या पाठवायला सुरुवात केली. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गेली. त्यानंतर पावसाळाभर तुकड्या जातच राहिल्या. पोर्तुगीज शिपाई सत्याग्रहींना बडवून काढत. पुढाऱ्यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून लांबलचक शिक्षा ठोठावत आणि बाकीच्यांना मारहाण करून सरहद्दीबाहेर आणून टाकत. 15 ऑगस्ट 1955 ला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही अनेक ठिकाणांहून एकाच वेळी हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसं मेली. बांद्याजवळच्या पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पडले. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे. त्यानंतर भारत सरकारने असे सत्याग्रह थांबवले आणि सरहद्द बंद झाली. गोव्याशी रेल्वेचं येणंजाणंही तुटलं, ते 1961 च्या मुक्तीनंतरच पुन्हा जुळलं.

नातीला हे शाळेतल्या धड्याइतकंच ठाऊक असतं. तिला घरातली एक गोष्ट मात्र पक्की माहीत असते. आजोबा डाव्या पायाने लंगडत. का, तर श्रावणात पंढरपूरला गेले होते, चंद्रभागेला पाणी होतं, घाटाच्या पायऱ्यांवर घसरले आणि पाय मोडला. आजी हे सांगायची, मग आत्या सांगू लागली. साल विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘तुझ्या बाबांच्या जन्माआधीचं वर्ष.’ बाबांचा जन्म 1956 चा. 15 ऑगस्ट 1955 हा दिवस श्रावण वद्यातला. घरातल्या गोष्टीचा काळ आणि पासाचा महिना जुळतात. दिशा जुळत नाही. पंढरपूर मिरजेच्या ईशान्येला. तिकडे जाणारी गाडी म्हणजे पूर्वीच्या बार्शी लाईट रेल्वेची छोटी नॅरोगेज गाडी, कुर्डुवाडीकडे जाणारी. लोंढा आणि कॅसलरॉक थेट दक्षिणेला, दुसऱ्या लाईनवर. पंढरपूरला निघालेला माणूस चुकूनसुद्धा त्या गाडीत बसणार नाही, आणि स्टेशनात नोकरी करणारा तर नाहीच.

इथपर्यंत आल्यावर कथा लिहिणाऱ्याला मोह होतो की आता सांगून टाकावं : आजोबा कॅसलरॉकला उतरले, बोगद्यातून चालत गोव्यात शिरले, मार खाऊन परतले. मी पहिल्या खर्ड्यात तसंच लिहिणार होतो. पण पास ही परवानगी असते. कॅसलरॉकपर्यंत जायची मुभा होती, एवढंच त्यावरून ठरतं. माणूस खरोखर कुठवर गेला ते कळायला कागदावर प्रवासात काय काय पडलं ते बघायला हवं.

पास घेऊन गाडीत बसताना त्यावर प्रवासाची तारीख पडते. वाटेत एखाद्या स्टेशनावर मुक्कामाला उतरलं तर तिथला शेरा पडतो, म्हणजे पुढचा प्रवास नंतर करता येतो. आणि प्रवास पुरा झाला की तो भाग तिकिटासारखा शेवटच्या स्टेशनच्या फाटकावर द्यायचा असतो. म्हणूनच पूर्ण वापरलेला पास सहसा घरात सापडत नाही. जो घरात उरतो त्याचं काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं.

नातीच्या हातातल्या पासाचे दोन्ही भाग जागेवर आहेत. परतीचा भाग कोरा. जाण्याच्या भागावर 12 ऑगस्टची तारीख आणि मागच्या बाजूला तिरप्या अक्षरात बेळगावचा शेरा, खाली स्टेशनचा गोल शिक्का. त्यापुढे काही नाही. म्हणजे आजोबा मिरजेहून निघाले, बेळगावला उतरले आणि त्यांनी हा कागद पुन्हा वापरला नाही. कॅसलरॉकला ते रेल्वेने पोचलेच नाहीत, निदान पासाचं म्हणणं तसं आहे. लहान स्टेशनांवर फाटकावरचा माणूस ओळखीचा असला तर कागद न घेताच सोडून देई, त्यामुळे एवढ्यावर पैज लावता येणार नाही. पण बेळगावचा शेरा पक्का आहे, आणि ऑगस्ट 1955 मध्ये बेळगाव म्हणजे सत्याग्रहींचा मोठा तळ होता. पुण्याहून, मराठवाड्यातून, उत्तरेकडून आलेली माणसं तिथे जमत आणि तिथून सरहद्दीकडे रवाना होत. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, पुढे बांदा आणि बांद्यापलीकडे पत्रादेवी. त्या वाटेने रेल्वे नव्हतीच. ट्रकने आणि पायी जायचं. रेल्वेचा कागद बेळगावला गप्प होतो तो त्यामुळे.

परतीचा भाग कोरा राहण्याचं कारणही यातच असावं. ज्याचा पाय मोडला आहे, अंगावर लाठ्यांचे वळ आहेत, अशा माणसाने आपलं नाव-हुद्दा लिहिलेला सरकारी कागद दाखवत, ओळखीच्या गार्ड-ड्रायव्हरांच्या गाडीतून स्वतःच्याच स्टेशनात उतरायचं? सरकारी नोकराला राजकीय चळवळीत भाग घ्यायची आचार-नियमांनी बंदी होती. सापडला असता तर नोकरी गेली असती, रेल्वेचं घर गेलं असतं. पदरात लहान मुलगी. म्हणून ते कुणाच्या तरी मोटारीने, रात्रीचे, घरी आले असतील. घरातली आणखी एक जुनी गोष्ट नातीला आता वेगळ्या अर्थाने आठवते : आजोबांचा पाय घरीच, हाडवैद्याकडून बांधून घेतला होता आणि तो नीट सांधला नाही. मिरजेला! जिथे दूरदूरहून रोगी मिशन हॉस्पिटलचं नाव विचारत येत, त्या गावात राहणाऱ्या माणसाने मोडका पाय हाडवैद्याला दाखवावा? दवाखान्यात नाव लिहावं लागतं, कसं लागलं ते सांगावं लागतं.

अशा शोधात पुढची पायरी असते सेवा-नोंदीची. रेल्वे कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात रजा लिहिलेल्या असतात आणि निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कागदांबरोबर त्यातला काही भाग घरी येतो. कथेत नातीला पत्र्याच्या पेटीत तो मिळतो. ऑगस्ट 1955 मध्ये चार दिवसांची रजा, आणि तिला जोडून दीड महिन्याची आजारपणाची. कारणाच्या रकान्यात ‘पडल्यामुळे दुखापत’. खोटं म्हणता येणार नाही असं वाक्य आहे ते.

सत्याग्रहींच्या याद्यांत त्यांचं नाव सापडत नाही. सापडणारही नाही, कारण नोकरी सांभाळून आलेला माणूस आपलं खरं नाव कशाला देईल? तुरुंगाची नोंद नाही, कारण तुरुंगात गेलेच नाहीत. पुढे 1972 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राची पेन्शन सुरू झाली. अशा योजनांत अर्ज करणाऱ्याला तुरुंगवासाचे किंवा वॉरंटचे कागद मागतात. मार खाऊन सरहद्दीबाहेर टाकलेल्या माणसाकडे ते कुठून येणार? एका दिवसासाठी जाऊन, मोडून-तोडून परत आलेल्या अशा किती माणसांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, हा विचार मला ही कथा लिहिताना सतत छळत होता. हा पास दाखवून आजोबा सत्याग्रही होते असं कुठल्याही कचेरीत सिद्ध करता येणार नाही. 12 ऑगस्टला ते बेळगावला उतरले, एवढंच त्याने सिद्ध होतं. बाकीचं नातीने जुळवलं आहे, आणि ते जुळवणं आहे हे कथेने लपवू नये अशी माझी धडपड होती. म्हणून पत्रादेवीचा प्रसंग मी लिहिलाच नाही. पाऊस, चिखल, गोळीबार, सगळं लिहिता आलं असतं. पण नातीला जे दिसू शकत नाही ते वाचकाला दाखवलं असतं तर पासाची किंमतच उरली नसती.

पासावरची एक ओळ मात्र अजून वाचायची राहिली होती. तिने ती सुरुवातीला पाहिली होती आणि सवयीने सोडून दिली होती. प्रवास करणाऱ्या व्यक्ती : स्वतः आणि पत्नी.

पास दोघांचा होता. आजोबा आजीला घेऊन सरहद्दीवर जाणं शक्य नाही. मग अर्जात आजीचं नाव का? थोडं थांबून त्या दिवसांचा विचार केला की उलगडतं. ऑगस्ट 1955 मध्ये रोज वर्तमानपत्रांत सत्याग्रहाच्या बातम्या आहेत. मिरजेतला एक तरुण कारकून एकट्याने कॅसलरॉकचा पास मागतो. पास देणारा साहेब मान वर करून बघणारच. पण बायकोला घेऊन जाणारा माणूस म्हणजे पाहुण्यांकडे निघालेला माणूस. आजीचे एक मामा कॅसलरॉकला रेल्वेत पॉइंट्समन होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कार्यालयातही असणार. कॅसलरॉक हे नाव पासावर आलं ते या मामांमुळे. जायचं होतं बेळगावपर्यंतच. पुढचं स्टेशन घातलं ते विश्वास बसावा म्हणून. आणि मामांचं नाव पुढे करणं हे आजीला विचारल्याशिवाय झालेलं नाही.

नात पास घेऊन आत्याकडे जाते. आत्या आता ऐंशीच्या घरात. कागद हातात घेते, चष्मा लावते, बराच वेळ वाचते.

‘आत्या, आजी गेली होती का गं त्यांच्याबरोबर?’

‘छे! मला गोवर आला होता तेव्हा. आई माझ्या उशाशी होती. मला पक्कं आठवतंय, दारावर लिंबाचा टहाळा बांधला होता आणि मी सारखं विचारत होते, दादा कुठे गेले.’

‘मग काय सांगितलं तिने?’

‘पंढरपूर.’ आत्याने कागदाची घडी पूर्वीच्याच रेघांवर घातली. ‘लंगडत आले तेव्हा घाटावरून पडले असं म्हणाली. मी म्हटलं, मग प्रसाद कुठाय? तर दुसऱ्या दिवशी बुक्का आणि चुरमुरे आणून माझ्या हातावर ठेवले. मिरजेच्याच बाजारातले असणार.’

‘तुला कळलं होतं?’

‘तेव्हा कुठलं कळायला? मोठी झाल्यावर कळलं. पण तिने कधी सांगितलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. दादांना विचारलं असतं तर ते बोलून गेले असते. त्यांना खोटं सांगायला जमायचंच नाही गं. घरातलं ते काम आईकडे होतं.’

मग तिने नियमपुस्तक कुठे आहे ते विचारलं. नात म्हणाली, रद्दीत घालायला काढलं होतं. ‘घालू नकोस,’ आत्या म्हणाली, ‘1963 ला दादा मालधक्क्यावरून बुकिंगला आले तेव्हा ते पुस्तक मिळालं होतं. त्याआधी हा कागद आईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली असायचा. मी पाहिलाय तिथे.’